हे गांधीजी म्हणाले होते का?



बँकेत, किराणा दुकानात, कापडाच्या पेढीवर, कधी एस. टी. स्टँडजवळच्या उपाहारगृहात एक पाटी तुम्ही नक्की पाहिली असेल. ग्राहक हा आमच्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आमच्यावर नव्हे तर आम्ही त्याच्यावर अवलंबून आहोत, तो आमच्या कामातला अडथळा नसून कामाचा हेतूच आहे, आणि त्याची सेवा करून आम्ही उपकार करत नाही, उलट सेवेची संधी देऊन तोच आमच्यावर उपकार करतो, अशा अर्थाचा मजकूर. शेजारी चष्मा लावलेल्या गांधीजींचे चित्र आणि खाली त्यांचे नाव. काही पाट्यांवर आणखी एक ओळ असते: दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०.

आमच्या भागातल्या एका छोट्या महिला पतसंस्थेचा वार्षिक अहवाल छापायला जायचा होता. मी कॉमर्सची पदवीधर, आणि घरचा हिशोब चाळीस वर्षे माझ्याच हातात, त्यामुळे अहवालावर नजर टाकायचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. यंदा मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर हाच मजकूर होता, खाली गांधीजी आणि १८९०. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, आकडे तेवढे बघा, हे पान झालंय." पण तारीख हासुद्धा आकडाच. मी तिथेच थांबले.

हिशोबात एक साधा नियम असतो. नोंद आहे म्हणजे तिच्यामागे व्हाउचर हवे. रक्कम कोणी दिली, कोणाला दिली, कोणत्या तारखेला दिली हे त्या कागदावरून दिसले पाहिजे. सुविचाराखाली आपण एखाद्याचे नाव लिहितो तेव्हा तीही एक नोंदच असते. अमुक शब्द अमुक माणसाच्या खात्यावर जमा, असे आपण लिहून देत असतो. मग व्हाउचर कुठे आहे?

या पाटीचे एक बरे आहे. तिच्यावर तारीख आणि ठिकाण आहे. नुसते नाव असले की पडताळायला हाताशी काहीच येत नाही. तारीख असली की ती खरी की खोटी हे बघता येते. आणि गांधीजींच्या बाबतीत ते फारच सोपे आहे, कारण त्यांनी स्वतःच आत्मचरित्र लिहून ठेवले आहे आणि त्याचे मराठी भाषांतरही सहज मिळते.

१८९० साली मोहनदास गांधी लंडनमध्ये होते. १८८८ मध्ये ते बॅरिस्टर व्हायला तिकडे गेले. जाण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली, ती हकिकत आपल्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. जून १८९१ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि लगेच बोटीने परत निघाले. मुंबईत उतरल्यावर श्रीमद राजचंद्रांची ओळख झाली ती याच वेळी. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, डर्बनला, ते पहिल्यांदा उतरले मे १८९३ मध्ये. म्हणजे १८९० साली दक्षिण आफ्रिकेत भाषण होणे शक्यच नाही. ते त्या खंडावरच नव्हते.

दुसरी गोष्ट. १८९० च्या सुमाराचे गांधी भाषण करणारे गृहस्थ नव्हते. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत ते होते, पण सभेत उभे राहिले की तोंडातून शब्द फुटत नसे. लिहून नेलेले चार शब्दही दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवावे लागले, असे त्यांनीच लिहिले आहे. त्या माणसाने परदेशातल्या व्यापाऱ्यांपुढे ग्राहकसेवेवर इतके घोटीव भाषण केले असेल, हे मनाला पटत नाही.

आता कोणी म्हणेल, साल चुकले असेल, छापताना १८९३ चे १८९० झाले असेल. शंका रास्त आहे. म्हणून पुढची पायरी. गांधीजींचे लेख, पत्रे, भाषणे, मुलाखती जितक्या सापडल्या तितक्या भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने इंग्रजीत शंभर खंडांत छापल्या. १९५८ मध्ये पहिला खंड निघाला आणि १९९४ मध्ये शेवटचा. हे खंड विषयवार लावलेले नाहीत, तारखेवार लावले आहेत, आणि प्रत्येक मजकुराच्या शेवटी तो कोणत्या वर्तमानपत्रातून, मासिकातून किंवा मूळ पत्रावरून घेतला हे लिहिले आहे. व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीसारखेच. पहिल्या खंडात १८८४ ते १८९६ हा काळ येतो. हे खंड आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यात ही पाटी नाही, १८९० मध्ये नाही आणि पुढच्या आफ्रिकेतल्या वर्षांतही नाही. यात एक गोष्ट लक्षात ठेवावी. या खंडांच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत खंडांचे आणि पानांचे क्रमांक जुळत नाहीत. म्हणून कोणी नुसता खंड आणि पान सांगितले आणि तिथे मजकूर दिसला नाही, तर लगेच खोटे ठरवू नये, तारीख विचारावी. तारीख कोणत्याही आवृत्तीत बदलत नाही.

इतके झाल्यावर नाव खोडता येते, पण प्रश्न उरतो की मग हे शब्द आले कुठून? इथे शोधण्याची पद्धत महत्त्वाची आहे. मजकुराबरोबर गांधीजींचे नाव घालून शोधले की हजारो पाट्याच समोर येतात, आणि प्रत्येक पाटी दुसऱ्या पाटीची नक्कल असते. शंभर नकला म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. म्हणून नाव काढून टाकायचे आणि इंग्रजी मजकुरातला मधलाच एखादा तुकडा अवतरणचिन्हांत घालून जुन्या पुस्तकांत आणि मासिकांत शोधायचा. पहिले वाक्य घेऊ नये, कारण जो तो पाटी लावताना पहिले वाक्य आपल्या सोयीने बदलतो. मधली वाक्ये सहसा तशीच राहतात.

अशा शोधातून अभ्यासकांना सापडलेली सर्वांत जुनी छापील नोंद १९४१ ची आहे. ती अमेरिकेतल्या 'प्रिंटर्स इंक' नावाच्या मासिकातली. नावावरून छापखान्याचे वाटते, पण ते जाहिरात व्यवसायातल्या लोकांचे नियतकालिक होते. त्यात केनेथ बी. एलियट यांच्या नावावर हा मजकूर आहे. हे एलियट स्टुडबेकर या मोटार बनवणाऱ्या कंपनीचे विक्री विभागाचे उपाध्यक्ष. ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, तो कामातला अडथळा नाही, तो आपल्या धंद्यात बाहेरचा नाही, हे सगळे तिथे आहे.

पुढे हा मजकूर अमेरिकेतल्या व्यापारी जगात हातोहात फिरला. मेन राज्यातल्या एल. एल. बीन या टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानानेही तो पाटी करून लावला. त्यांचा ग्राहक पत्रानेही यायचा, म्हणून त्यांच्या पाटीत ग्राहक प्रत्यक्ष आलेला असो वा पत्राने, अशी भर पडली. आपल्याकडे दुकानात आला तर तो पाहुणा झाला. धंदा बदलला की शब्द बदलतो, गाभा तोच राहतो. गांधीजींचे नाव या मजकुराला चिकटले ते यानंतर. आफ्रिका आणि १८९० ही जोड तर नुसते नाव पुरेसे भारदस्त वाटेना म्हणून कोणीतरी लावलेली दिसते. खोट्या पावतीवर शिक्का जरा जास्तच ठळक मारलेला असतो, तसे.

पण एलियट यांच्याबद्दलही हात राखूनच लिहायला हवे. १९४१ ची नोंद सर्वांत जुनी 'सापडलेली' आहे. तीच पहिली, असा तिचा अर्थ होत नाही. विक्रीखात्यातली माणसे एकमेकांची वाक्ये उचलतात. उद्या १९३० चे एखादे मासिक कोणी स्कॅन करून चढवले तर आणखी मागचे नाव निघू शकेल. शिवाय जुन्या मासिकांच्या बाबतीत इंटरनेटवर दिलेल्या सालावर डोळे मिटून विसंबू नये. अनेक वर्षांचे अंक एकत्र बांधलेले असतात आणि पुष्कळदा वर साल लागते ते पहिल्या अंकाचे. आपल्या वाक्याच्या पानाचे चित्र उघडून त्या अंकाची तारीख वाचली, तरच ते व्हाउचर.

अध्यक्षबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो ताई, वाक्य चांगलंच आहे ना? मग नाव कुणाचंही असू दे." पुष्कळ जणींना असेच वाटते, म्हणून यावर थोडे थांबू या. पतसंस्थेत कर्जाच्या अर्जावर जामीनदाराची सही लागते. अर्जदार चांगला आहे, कर्ज फेडणारच आहे, म्हणून जामीनदाराची सही दुसऱ्या कोणी केली तर चालेल का? वाक्याखाली गांधीजींचे नाव आपण त्याच कामासाठी घालतो. हे वाक्य खरे आहे, याला मोठा माणूस जामीन आहे, असे वाचणाऱ्याला सांगण्यासाठी. जामीनदाराला न विचारता केलेली ती सही आहे. वाक्य चांगले असेल तर ते स्वतःच्या पायावर उभे राहील. नसेल, तर उसने नाव लावून आपण सभासदांना फसवतो.

आणि नुकसान आणखी एक होते. खोट्या नोंदीमुळे खरी नोंद झाकली जाते. हे मला या प्रकरणात सर्वांत जास्त लागले.

गांधीजी १८९३ मध्ये आफ्रिकेला गेले ते व्यापाऱ्यांच्याच कामासाठी. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीचा प्रिटोरियात चाळीस हजार पौंडांचा दावा चालू होता. एक वर्षाचे काम, एकशेपाच पौंड मेहनताना आणि जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे. सगळा दावा हिशोबाच्या वह्यांवर उभा, आणि या बॅरिस्टरांना जमाखर्च येत नव्हता. कारकून 'पी. नोट' म्हणत होता ते काय हेही कळेना. शब्दकोशात मिळाले नाही, मग विचारल्यावर कळले की प्रॉमिसरी नोट, म्हणजे वचनचिठ्ठी. त्यांनी जमाखर्चाचे पुस्तक विकत आणून अभ्यास केला. मी पहिल्या वर्षाला जे पुस्तकी जमाखर्च शिकले, ते गांधीजी बॅरिस्टर झाल्यावर शिकले, याची मला फार गंमत वाटते.

त्याच वर्षी प्रिटोरियात हिंदी रहिवाशांची एक सभा भरली. जमलेले बहुतेक मेमण व्यापारी होते. तिथे गांधीजी बोलले, आणि हे आपल्या आयुष्यातले पहिले सार्वजनिक भाषण म्हणता येईल असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. विषय होता व्यापारातला खरेपणा. धंद्यात खरे बोलून चालत नाही असे व्यापारी म्हणत असत. गांधीजींना ते मान्य नव्हते, आणि त्यांनी तसे त्या व्यापाऱ्यांनाच तोंडावर सांगितले. परक्या देशात तर खरेपणाची जबाबदारी जास्त, कारण मूठभर हिंदी लोकांच्या वागण्यावरून सगळ्या हिंदुस्थानाची पारख होते, असाही त्यांचा मुद्दा होता.

म्हणजे बघा. दक्षिण आफ्रिका खरी, व्यापारी खरे, गांधीजींचे भाषणही खरे. पण ते १८९३ चे आणि खरेपणावरचे. ते कोणाच्या पाटीवर नाही. पाटीवर आहे ते अमेरिकेतल्या मोटारी विकणाऱ्यांचे, खोट्या सालासकट.

सगळीच प्रकरणे इतकी स्वच्छ सुटत नाहीत. पृथ्वीजवळ प्रत्येकाच्या गरजेपुरते आहे पण हावेपुरते नाही, या अर्थाचे वाक्य घ्या. आपल्याकडे अपरिग्रहावर बोलताना ते हमखास येते आणि गांधीजींच्या नावानेच येते. इथे व्हाउचर आहे, पण दुसऱ्याच्या हातचे. महादेवभाई देसाईंच्या निधनानंतर गांधीजींचे मुख्य सचिव झालेले प्यारेलाल यांनी 'लास्ट फेज' या ग्रंथाच्या १९५८ मध्ये निघालेल्या भागात ते गांधीजींचे म्हणून दिले आहे. सचिवाची साक्ष हलकी नसते, ते रोज जवळ होते. पण तोवर गांधीजी जाऊन दहा वर्षे झाली होती. आणि तेच वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत फ्रँक बुकमन या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या भाषणांच्या संग्रहात आहे, आणि तो छापला गेला १९४७ मध्ये. बुकमन यांनी उभ्या केलेल्या चळवळीचे पाचगणीला मोठे केंद्र आहे, एशिया प्लॅटू. त्या केंद्राशी गांधीजींचे नातू राजमोहन गांधी यांचे जुने नाते आहे. पाचगणीच्या सहलीत तुम्ही कदाचित त्याच्या फाटकावरून गेलाही असाल.

मग हे वाक्य कोणाच्या खात्यावर घालायचे? हिशोबात अशी रक्कम आली की आपण ती सस्पेन्स खात्यात ठेवतो. फेकून देत नाही आणि ओढूनताणून कोणाच्या नावावरही टाकत नाही. पुरावा येईपर्यंत ती तिथे राहते आणि ताळेबंदात तशी दिसते. या वाक्याखाली म्हणून लिहावे: गांधीजींचे उद्गार म्हणून प्यारेलाल यांनी दिलेले. बोलताना तेवढे लांब नको असेल तर "गांधीजींच्या नावे सांगितले जाते" हे चार शब्द पुरतात. ग्राहकाच्या पाटीला मात्र हे चार शब्दही लावू नयेत. तिथे शंका नाही, तिथे तारीखच खोटी आहे. शंका असलेले आणि चूक ठरलेले ही दोन वेगळी खाती आहेत.

घरचेही एक उदाहरण देते. आपल्या जैन प्रतीकाखाली, तळहाताच्या खाली, जीवांनी एकमेकांना उपकारक व्हावे या अर्थाचे संस्कृत सूत्र असते. १९७४-७५ मध्ये, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवात, हे प्रतीक सर्व पंथांनी मिळून स्वीकारले. तेव्हापासून महावीर जयंतीच्या संदेशांत ते सूत्र "भगवान महावीर म्हणतात" असे फिरते. पण ते तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायातले एकविसावे सूत्र आहे. ग्रंथकार आपण दिगंबर उमास्वामी म्हणतो ते, श्वेतांबर ज्यांना उमास्वाती म्हणतात. ते महावीरांनंतर काही शतकांनी झाले. इथे भाषाच साक्ष देते. भगवंतांचा उपदेश प्राकृतात, लोकांच्या बोलीत झाला असे आपली परंपराच सांगते, आणि हे सूत्र संस्कृतात आहे. तेव्हा उपदेश भगवंतांचा, शब्द आचार्यांचे. असे लिहिल्याने भगवंतांचे काही कमी होत नाही आणि ज्या आचार्यांनी एवढा ग्रंथ रचला त्यांचे नाव त्यांना मिळते.

पतसंस्थेच्या अहवालात शेवटी काय छापले तेही सांगते. ग्राहकाचा मजकूर ठेवला, कारण सगळ्यांना तो आवडतो. चित्र काढले. खाली बारीक अक्षरांत लिहिले: अमेरिकन व्यापारी वर्तुळातील मजकूर, सापडलेली सर्वांत जुनी नोंद केनेथ बी. एलियट यांच्या नावे, १९४१. अध्यक्षबाईंना गांधीजी हवेच होते, म्हणून समोरच्या पानावर प्रिटोरियाच्या सभेची हकिकत माझ्या शब्दांत पाच ओळींत दिली, खाली साल १८९३ आणि आत्मचरित्राचा उल्लेख. छापखान्यातून विचारणा आली की साल १८९० हवे ना, सगळीकडे तेच आहे. अध्यक्षबाईंनीच फोनवर सांगितले, "नाही, त्र्याण्णवच ठेवा. व्हाउचर आहे आमच्याकडे."